शंकासुराचा शेरा

कर्जविभागातल्या आमच्या साहेबांना सगळी शाखा शंकासुर म्हणायची. आधी पाठीमागे, मग तोंडावरही. घोटभर दूध प्यायचं तरी गोठ्यात जाऊन गाय बघून येतील, असा माणूस. शेजारच्या टेबलावर मी बसायचे आणि वैतागायचे. फाइल पुढे सरकायचीच नाही मेली.

बेकरीवाल्याची फाइल मात्र दिसायला देखणी होती. मोठ्या भट्टीसाठी कर्ज, तारण आईच्या नावावरचं राहतं घर. घराची किंमत कर्जाच्या तिप्पट. सहा महिन्यांत खात्यातली जमा दुपटीवर गेलेली. "डोळे झाकून करा," मॅनेजर म्हणाले.

शंकासुर डोळे उघडे ठेवून बेकरीत गेले, मला घेऊन. पुढे केलेला ब्रेड त्यांनी बाजूला सारला आणि मैद्याची बिलं मागितली. मग विजेची. विक्री म्हणे दुप्पट, पण मैदा तेवढाच आणि वीजही तेवढीच.

"पिठाशिवाय ब्रेड करता काय हो?"

बेकरीवाला हसला नाही. भट्टीपाशी त्याची आई पुडे बांधत होती. तिने लेकाकडे बघितलं आणि मान खाली घातली. मला तिथे बसवेना.

शाखेत येऊन खातं उलगडलं. मेव्हण्याकडून मोठी रक्कम यायची आणि दोन-चार दिवसांत गुपचूप परत जायची. ती वगळली तर महिन्याची कमाई नव्वद हजारांवरून चाळीसवर आली. टेम्पोचा हप्ता अठरा हजार जातच होता, वर नवा पस्तीसचा.

"मग खायचं काय, भट्टीतली राख?" शंकासुर पुटपुटले.

मॅनेजर चिडले. "अहो, घर आहे ना तारणाला!"

"साहेब, कर्ज कमाईतून फिटतं. घराकडे बघून दिलं, तर म्हातारीला रस्त्यावर काढायची तारीखच ठरवतोय आपण."

टिपणात त्यांनी लिहिलं: परतफेडीची क्षमता नाही, शिफारस नाही. मुख्य कार्यालयानेही तेच उचलून धरलं. मॅनेजर आठवडाभर फुगून होते, पण मला बाई फार बरं वाटलं.

मग एका दुपारी मायलेक घराची मूळ कागदपत्रं परत न्यायला आले. लेक दाराबाहेरच थांबला, एका गाडीच्या काचेशी वाकून बोलत. आई शंकासुरांसमोर बसली आणि पोचपावतीवर सही केली.

"तुमच्यावर राग नाही हो," ती म्हणाली. "पण केवढी ती चौकशी! ते बाहेर गाडीत बसलेत ना, ते फायनान्सवाले, त्यांनी एक शब्द विचारला नाही. घर तेवढं आतबाहेर फिरून बघितलं."

शंकासुरांच्या हातातून कागद सुटेनात. "आजी, त्यांच्या कशावरही सही करू नका."

"कालच केली की," ती म्हणाली आणि कागद ठेवायला पिशवी उघडून धरली.