शंकू कुठल्या बाजूला ठेवायचा

मी त्या विज्ञान केंद्रात लागले तेव्हा माझ्या वाट्याला एकच काम आलं, एक पाटी नव्याने लिहायची. प्रोबेशन तीन महिन्यांचं होतं. संचालक मॅडम म्हणाल्या, "ही जमली तर बाकीच्या चाळीसही तुम्हीच लिहायच्या. नाही जमली तर बघू." माझी शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरी 'बघू' म्हणजे काय ते मला कळत होतं. घरी आईने शेजाऱ्यांना मी सायंटिस्ट झाल्याचं सांगून टाकलं होतं. त्यामुळे नोकरी टिकणं मला जरुरीचं होतं आणि आईला त्याहून जास्त.

केंद्र आचोळ्यात, एका शाळेच्या आवारात, दुमजली इमारतीत. खाली ऑफिस, वर दालन. केंद्र चालवणाऱ्या समितीच्या बैठका खाली होत, विज्ञान वर असे, आणि मधला जिना फारसं कोणी चढत नसे.

माझ्या पाटीचा प्रयोग दालनाच्या मधोमध होता. टेबलावर लाकडाचे दोन रूळ. एका बाजूला ते एकमेकांच्या जवळ आणि बुटके, दुसऱ्या बाजूला लांब लांब आणि थोडे उंच. त्यांवर ठेवायला एक लाकडी शंकू, खरं तर दोन शंकू तोंडाला तोंड लावून चिकटवलेले. मध्ये फुगीर, दोन्हीकडे निमुळता. तो बुटक्या बाजूला ठेवून सोडला की आपोआप उंच बाजूकडे चालू लागतो. शेजारी एक साधा गोल दांडकाही असतो. तो उंच बाजूला ठेवला की शहाण्यासारखा खाली येतो.

शंकू चढतो असं दिसतं, पण चढत नाही. पुढे रूळ फाकत जातात, तसा तो त्यांच्यामध्ये खाली खाली बसत जातो. रूळ जेवढे वर जातात त्याहून तो जास्त खाली जातो. जुन्या पाटीवर हे असं लिहिलं होतं: 'अपसारी रुळांवरील द्विशंकूची ऊर्ध्वगामी गती भासमान असून वस्तुतः त्याच्या गुरुत्वमध्याचे अधोगमन होत असते.' चूक एकही नाही. फक्त वाचून संपेपर्यंत मुलं पुढच्या प्रयोगाकडे गेलेली असत.

ही पाटी समितीच्या अध्यक्षांनी लिहिली होती. ते निवृत्त मुख्याध्यापक. चाळीस वर्षं मराठी शिकवलेले, खिशाला कायम लाल पेन. प्रयोग बनवणाऱ्यांनी दिलेल्या इंग्रजी पुस्तिकेवरून त्यांनी सगळ्या पाट्या एका मे महिन्यात, घरी बसून, लिहून काढल्या होत्या. ही माहिती मॅडमनी मला दिली, आणि पुढे म्हणाल्या, "जरा सांभाळून."

पहिले दोन आठवडे मी काही लिहिलं नाही, नुसती दालनाच्या कोपऱ्यात उभी राहिले. कोपऱ्यात उभं राहणं मला चांगलं जमतं. आमच्याकडे शाळा येते ती अख्खी येते. एका बसमध्ये दुसरीची पोरं, नववीची पोरं आणि दोघांना एकाच आवाजात ओरडणारे एक सर. म्हणजे नुकतं जोडाक्षर शिकलेल्या मुलीला आणि गुरुत्वमध्याची व्याख्या पाठ असलेल्या मुलाला एकच पाटी पुरवायची होती.

मग मी कागदावर मजकूर लिहून तो टेबलाच्या कडेला चिकटपट्टीने लावायला लागले. दुसरीच्या डोळ्यांना दिसेल इतक्या खाली. रोज मुलं बघायची, रोज मी खोडायची. 'खालच्या बाजूला ठेवा' चाललं नाही, कारण उतार इतका कमी की कुठली बाजू खालची हे मुलांना समजेना. 'शंकू वर का चढतो?' हेही चाललं नाही. उत्तर आधीच फुटलं तर हात लावायची मजा राहत नाही.

गिरीजच्या शाळेची बस आली त्या दिवशी माझा सातवा कागद लागला होता. सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत, लहानांसाठी: 'रूळ जवळ आहेत तिथे शंकू ठेवा. कुठे जाईल? आधी सांगा, मग सोडा.' त्याखाली मधल्यांसाठी: 'शंकूचं टोक टेबलापासून किती उंच आहे? इथे मोजा. तिथे मोजा.' आणि सर्वांत खाली, बारीक अक्षरांत, गुरुत्वमध्य.

एका चिमुरडीने बोट फिरवत वाचलं आणि शंकू सोडला.

"ए, हा वर चाललाय! कोन ढकलतंय त्याला?"

"भूत," तिच्यामागचा एक जण म्हणाला.

"भूत दुपारचं येत नाय. पट्टी घे."

पट्टी आली. रूळ जवळ होते तिथे टोक साडेअकरा सेंटिमीटर. रूळ लांब होते तिथे साडेदहा. नववीतला एक मुलगा इतका वेळ खिशात हात घालून उभा होता. त्याने बारीक अक्षरांतलं वाचलं, पुन्हा पट्टी लावली आणि स्वतःशीच म्हणाला, "च्यायला. उतरतोय." त्या संध्याकाळी मी कागद टाइप करून मॅडमना दिला.

समितीची बैठक शनिवारी खाली झाली. अध्यक्ष आणि दोन सदस्य. इतिवृत्त लिहायला मी. अध्यक्षांनी माझा कागद हातात घेतला आणि पेनाचं टोपण काढलं.

"'रूळ जवळ आहेत तिथे.' ही काय भाषा झाली? ठरावीक बाजू सांगा. जवळची बाजू म्हणजे कुठली?"

"खालची, सर," मी म्हटलं.

"खालची? अहो, वस्तू खालून सोडली तर घरंगळणार कुठे? जमिनीत? मुलं हसतील आपल्याला."

"माझ्या गच्चीवरचं पाणीसुद्धा वरूनच खाली येतं," एक सदस्य म्हणाले.

"तुमचं माध्यम इंग्रजी ना?" अध्यक्षांनी मायेने विचारलं. "तरीच. इंग्रजीत विचार करून लिहिलं की वरचं खाली होतं." आणि त्यांनी लाल पेनाने लिहिलं: 'शंकू रुळांच्या उंच बाजूस ठेवावा.'

मी तोंड उघडलं. तेवढ्यात चहा आला. मग बिस्किटं आली. मग दुसऱ्या सदस्यांनी विचारलं की पाटीवर समितीचा उल्लेख कुठे आहे, आणि त्यावर वीस मिनिटं चर्चा झाली. मला बोलायला भरपूर जागा होती. मी बोलले नाही. 'एकमताने मंजूर' हे माझ्याच अक्षरात लिहिलं.

मी स्वतःला समजावलं की बाकीचा मजकूर तर माझाच आहे. दहा दिवसांत चकचकीत अ‍ॅक्रिलिकची पाटी आली, समितीच्या उल्लेखासकट.

पाटी लागल्यावर पहिली बस विरारहून आली. मुलांनी वाचलं, शंकू उंच बाजूला ठेवला, "खाली येणार!" असं एका सुरात सांगितलं आणि सोडला. शंकू बसून राहिला. बसणारच. तीच त्याची सर्वांत खालची जागा. मुलांनी त्याला बोटाने ढकललं. तो थोडा हलला आणि परत येऊन बसला.

"मावशी, याचा सेल संपलाय," एक मुलगी म्हणाली.

दालन सांभाळणाऱ्या मावशी मिठागरांकडच्या गावातून येत. नियम असा होता की प्रयोग चालला नाही तर त्यावर 'दुरुस्तीसाठी बंद' ही चकती लटकवायची. त्यांनी लटकवली.

मी घाईघाईने म्हटलं, "मावशी, तो बिघडलेला नाही. दुसऱ्या बाजूला ठेवायचा असतो."

"ठाव हाय मना. इतकी वर्सं बगते." त्यांनी टेबलावरून फडकं फिरवलं. "पन पाटीवर लिवलंय तसंच पोरं करनार. मागं मी येकदा माज्या तोंडानं सांगितलं, तर समितीचे सायब बोल्ले, पाटीभायेर बोलू नको. आता तू बोल. शिकलेली हायस."

मॅडमनी चकती पाहिली तेव्हा माझ्या प्रोबेशनला आठ दिवस उरले होते. "पंधरा वर्षं चाललेला प्रयोग तुमची पाटी लागली आणि बंद पडला," त्या म्हणाल्या. "शनिवारी मला तुमचा अहवाल द्यायचाय. मी काय लिहू?"

म्हणजे बोलले तर अध्यक्षांची चूक काढली असं होणार होतं, आणि गप्प बसले तर प्रयोग मी बिघडवला असं. नोकरी दोन्हीकडून जात होती. निदान एका बाजूने शंकू तरी चालला असता.

शुक्रवारी अध्यक्ष सह्या करायला आले. घरून निघताना मी मोठं भाषण तयार केलं होतं. त्यातलं एवढंच बाहेर आलं: "सर, वर येता का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे. मग कठड्याला धरून सावकाश चढले. वर एक शाळा आलेली होती. मी सकाळीच चकती काढून अ‍ॅक्रिलिकवर माझा जुना कागद चिकटवला होता. दुसरी-तिसरीतली एक मुलगी टेबलाशी होती, शंकू छातीशी धरून.

"आजोबा, रांगेत या," ती म्हणाली. अध्यक्ष रांगेत आले. त्यांची पाळी आल्यावर तिने शंकू त्यांच्या हातात दिला आणि कागदावर बोट ठेवलं. "हितं ठेवा. पण आधी सांगा कुठं जाईल. मग सोडा."

"कुठे जाणार? इथेच राहील," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी सोडला.

शंकू उंच बाजूकडे निघून गेला. मुलगी हसली, त्यांच्यावर नाही, शंकूवर. त्यांनी तो उचलून पुन्हा ठेवला. पुन्हा गेला. मग त्यांनी पट्टी मागितली, चष्मा कपाळावर सरकवला आणि टेबलाशी वाकून टोकाची उंची मोजली, इकडे आणि तिकडे. तळहातावर लाल पेनाने दोन आकडे लिहिले.

"अधोगमन," ते हळूच म्हणाले. मग माझ्याकडे वळले. आवाज पूर्ववत झाला होता. "म्हणजे माझी मूळ पाटी बरोबरच होती."

"हो सर," मी म्हटलं. आणि ते खरंच होतं.

खाली येऊन त्यांनी मला इतिवृत्त सांगितलं: 'समितीने प्रत्यक्ष पाहणी करून पाटीतील मजकुरात आवश्यक ती सुधारणा केली.' सुधारणा म्हणजे माझं पहिलं वाक्य, जसंच्या तसं. मला राग आला. मी मुकाट्याने लिहून घेतलं. तोंडाने मला जे जमत नाही ते लिहिताना जमतं, म्हणून त्याच्याखाली माझ्या मनाने आणखी एक वाक्य घातलं: 'यापुढे प्रत्येक पाटीचा मजकूर दालनात, त्या प्रयोगासमोर, प्रयोग स्वतः करून मंजूर करण्यात यावा.'

शनिवारच्या बैठकीत मॅडमनी ते भराभर वाचून दाखवलं. माझ्या वाक्याशी त्या अर्धा क्षण थांबल्या, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे वाचलं. आमच्या समितीत इतिवृत्तावर कोणी हरकत घेत नाही, कारण ते कोणी ऐकत नाही. एकमताने मंजूर झालं. मला कायम केल्याचं पत्र सोमवारी मिळालं.

पुढची बैठक वर झाली. खुर्च्या नव्हत्या. दुसरी पाटी हाताने हँडल फिरवून दिवा लावायच्या प्रयोगाची होती. गच्चीवाल्या सदस्यांनी ते सावकाश फिरवलं, दिवा मिणमिणला. मग दोन्ही हातांनी जोरात फिरवलं, तसा तो लख्ख पेटला. अध्यक्ष म्हणाले, "पुरे, आता मला द्या." मी मजकूर वाचून दाखवत होते आणि माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.