दादाने शिकवलेली माणसं

खाणीतल्या माणसाला दोन गोष्टी कधी कमी पडत नाहीत. नाकातला कोळसा आणि सांगायला किस्से! माझा मोठा भाऊ सुधाकरदादा घुग्घुसजवळच्या खाणीत छताला लाकडी खांब लावायचा. चार महिन्यांपूर्वी काविळीने गेला. तेव्हापासून चहाच्या टपरीवर कोणी ना कोणी मला थांबवतो, "तुह्या भावाचा एक किस्सा आयक!" म्हणतो. आता माझ्याकडे एवढे साठलेत की घरी नेऊन वहिनीला सांगतो. ती हसते, मग आत निघून जाते.

*

गोंडपिपरीचा नामदेव नवा लागला, तेव्हाची गोष्ट. खाणीच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये त्याला छत तपासायला शिकवलं होतं, पण ते फळ्यावर. खाली उतरल्यावर गड्याने काठी उचलली आणि छतावर धाडधाड हाणली.

दादा म्हणाला, "अबे, दार ठोकून राह्यला काय? वरच्यानं उघडलं त?"

मग त्याला खांब लागलेल्या जागेत मागे ओढलं आणि विचारलं, "बाजारात मडकं घेतानी काय करतं?"

"टिचकी मारून पाह्यतो, भाऊ."

"मंग! छत म्हणजे उलटं मडकंच हाये."

डावा तळहात छताला चिकटवायचा, उजव्या हाताने काठी हळू मारायची. तीनदा मारायची आणि थांबायचं. खणखणीत वाजलं तर पक्कं. भद्द वाजलं किंवा तळहाताखाली थरथरलं, तर मागे सरकायचं आणि सरदाराला, म्हणजे पाळीच्या मुकादमाला, हाक द्यायची. नामदेवला ते जमेना, म्हणून दादाने रविवारी त्याला घरी आणून वहिनीची सगळी मडकी वाजवायला लावली. दोन फुटली! वहिनी म्हणाली, "पुढचा नवा गडी आपलं मडकं घेऊन येईन, सांगून ठेवा!"

*

धानोऱ्याकडचा मडावी आला, तेव्हा उलटंच झालं. तो जंगलातला माणूस. खांबाला कान लावून म्हणाला, "हे लाकूड बोलून राह्यलं."

सगळे हसले. दादा हसला नाही. त्यानेही कान लावला. आत बारीक कडकड चालू होती. दादाने सगळ्यांना मागे घेतलं, सरदाराला बोलावलं. जेवणाच्या सुट्टीआधीच छताच्या दगडाची एक फळी खाली आली. कोणाला ओरखडासुद्धा नाही.

त्यानंतर दादा प्रत्येक नव्या माणसाला खांबाला कान लावायला सांगायचा आणि वर म्हणायचा, "हे मले मडावीनं शिकवलं हो!"

मडावी लाजून टोपीवरचा दिवा विझवायचा.

*

शिकवण्याच्या नादात दादाचे स्वतःचे खांब मागे पडायचे. एकदा सरदाराच्या वरचे ओव्हरमनसाहेब खवळले. "बाकीच्यांचे दहा, तुझे आठच काऊन?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पाहिलं तर दादाचे बारा! दादाने पाणी प्यायला पाठ फिरवली की नवी पोरं त्याचे खांब उभे करत होती.

"आज बारा कसे?" साहेबांनी विचारलं.

दादा म्हणाला, "कालचे दोन उशिरा उगवले, साहेब!"

*

नव्या माणसांचं एक रजिस्टर होतं. त्यात 'कोणाच्या हाताखाली शिकला' असा रकाना. तिथे दरवेळी सेंटरच्या मास्तरांचं नाव पडायचं. सुरक्षा सप्ताहात शाल-नारळही त्यांनाच. नामदेव चिडला. "भाऊ, शिकवलं तुमी, नाव त्यायचं?"

"राहू दे बे. माह्यं नाव लिहलं त शिकवणं ड्युटी होईन. अन् ड्युटी झाली का मी सुट्टीची वाट पाहीन!"

*

दादाच्या शोकसभेत साहेबांनी कागद वाचला. कर्तव्यनिष्ठ, मनमिळाऊ, असं बरंच होतं. नवी माणसं घडवल्याचं एक अक्षर नव्हतं. मी उभा राहिलो आणि ओरडलो, "साहेब, याच्यात माहा भाऊ नाई!" आणि निघून आलो. चौथी नापास माणूस, मला सभेत बोलायचं कळत नाही.

*

पुढे दादाच्या जागेवर मलाच घेतलं. सेंटर संपवून मी पहिल्यांदा खाली उतरलो आणि घाईघाईत थेट पुढे, खांब नसलेल्या छताखाली निघालो. मागून कॉलर ओढली गेली. नामदेव होता. एक शब्द रागाचा नाही. माझा डावा तळहात त्याने छताला चिकटवला.

"बाजारात मडकं घेतानी काय करतं?"

त्याने तीनदा काठी मारली आणि थांबला. पलीकडून मडावीने तीनदा मारली, थांबला. मग त्याच्या पलीकडे कोणीतरी.

महिनाभराने मला रजिस्टरपुढे उभं केलं. साहेबांनी पेन उघडलं, पण या वेळी मास्तरांचं नाव आपोआप टाकलं नाही. "कोणाच्या हाताखाली शिकला? नामदेव, तुझं नाव टाकू?"

"सुधाकरभाऊचं टाका."

"अरे, तो तर..."

"टाका, साहेब. महिनाभर त्यायनंच शिकवलं."

मडावी म्हणाला, "हाव. मी होतो तिथं."

साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग लिहिलं. रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. "कर सही."

मी कुठलंही काम घाईत करणारा माणूस. त्या दिवशी सही करता करता माझ्या मागे रांग लागली, तरी कोणी ओरडलं नाही.