एक जूनवाल्यांची तिशी

किस्सा घडायला पाच माणसं एका जागी जमावी लागतात, असं मला आधी वाटायचं. आता माणसं जमत नाहीत. कुणी सोलापूरला, कुणी दुकानात, कुणी सासरी. पण मोबाईलवर आमचा एक ग्रुप आहे आणि सगळ्यांची एकच तारीख आहे, त्यामुळं काम भागतं. यंदा आम्ही पाचही जण एकाच दिवशी तीस वर्षांचे झालो, आणि त्या दहा-बारा दिवसांत जेवढे किस्से साठले तेवढे मागच्या पाच वर्षांत साठले नव्हते.

एकच तारीख कशी, ते आधी सांगते. आमच्याकडं पोराला शाळेत घालायला नेलं की गुरुजी विचारायचे, "कधीचा जन्म?" घरचे सांगायचे, "ज्वारी खळ्यावर होती बघा." गुरुजी लिहायचे, एक जून. म्हणजे जूनमध्ये शाळा सुरू होताना वय बरोबर बसायचं. अकरावीला धाराशिवच्या कॉलेजात आम्ही पाच जण पाच गावांहून आलो. प्रवेशाच्या खिडकीवरच्या काकांनी आमचे दाखले एकाखाली एक ठेवले, चष्मा काढला, पुसला आणि विचारलं,

"एकाच दवाखान्यातले का रे सगळे?"

तेव्हापासून आमच्या ग्रुपचं नाव 'एक जून'.

*

मी तुळजापूरच्या कॉलेजात मराठी शिकवते. मराठी शिकवते म्हणजे वाढदिवसाच्या पोस्टचं कॅप्शन हिला आलंच पाहिजे, असा या चौघांचा समज. वीस मेपासूनच मेसेज सुरू झाले. चौथ्याचं पुढं सांगते, पण मागणी तिघांची एकच: "विचार केल्यासारखं वाटलं पाहिजे, पण फुशारकी वाटायला नको."

पहिला संगमेश्वर. मुरूमकडचा, बियाणं-खताचं दुकान आहे. त्यानं लिहून पाठवलं, 'वय हा फक्त आकडा असतो, अनुभवांची शिदोरी हीच खरी कमाई.' दहा मिनिटांनी गणेशचं आलं. त्याचा तुळजापुरात लॉज आहे. त्यातही शिदोरी, त्यातही कमाई. दोघांनी मोबाईलमधल्या एआयलाच लिहायला सांगितलं होतं.

मी दोघांना विचारलं, "यातली कुठली कमाई तुझी आहे?"

गणेश म्हणाला, "शिदोरी त्याला देऊ. मला कमाई राहू दे."

*

मग संगमेश्वरनं मनावर घेऊन स्वतः लिहिलं. 'शून्यातून सुरुवात केली. कुणाचा आधार नव्हता. आज तिसाव्या वर्षी मागं वळून बघताना...'

त्याच्याकडं मला बियाणं घ्यायचंच होतं, म्हणून मी दुकानात गेले होते. त्यानं गल्ल्यावर बसून ते मोठ्यानं वाचून दाखवलं. त्याची आई मागं गोण्यांपाशी बसली होती. घरात त्यांचं कानडी. तिनं आधी कानडीत त्याला शून्य म्हणजे काय ते विचारून घेतलं. मग मला कळावं म्हणून मराठीत म्हणाली,

"दुकान तुझ्या बापानं घातलं. मग शून्य म्हंजे तुझा बाप का?"

संगमेश्वरनं मोबाईल गल्ल्यावर ठेवला. वडील जाऊन चार वर्षं झालीत. मला वाटलं आता हा विषयच सोडून देईल. पण त्यानं तिथंच पुसून नवीन लिहिलं: 'बापानं घातलेलं दुकान मी अजून बंद पडू दिलं नाही. तीस वर्षांत एवढंच जमलं.' मी त्याचं एक अक्षर बदललं नाही. चांगल्या कॅप्शनची परीक्षा मला त्या दिवशी कळली. लिहिलेलं आधी आईला वाचून दाखवायचं आणि ती जिथं हसेल किंवा चिडेल ती ओळ काढायची.

*

गणेशचं वेगळंच. त्याला यादी पाहिजे होती, 'तीस वर्षांत शिकलेल्या तीस गोष्टी'. मी म्हटलं, अरे, स्वतःबद्दल लिहायचं म्हणून बसतोस आणि लोकांना उपदेश करून उठतोस. तरी त्यानं पाठवली. अकरापर्यंत स्वतःच्या होत्या, पुढच्या कुठून कुठून आणलेल्या. नववी होती, 'कमी बोलावं.'

मी उलट पाठवलं, "नववी पाळ. बाकीच्या एकोणतीस आपोआप जातील."

मग त्यानं फोटोवर जोर दिला. नळदुर्गच्या किल्ल्यात गेला, लांब पाण्याकडं बघत उभा राहिला, विचारात पडल्यासारखा. फोटो काढायला लॉजवरच्या मॅनेजरला नेलं होतं. वीस-पंचवीस फोटो झाले. तेवढ्यात शेळ्या हाकत एक आजोबा आले. बराच वेळ त्याच्याकडं बघत थांबले आणि म्हणाले,

"काय हारवलंय का, लेकरा?"

हे त्यानं मला फोनवर हसत हसत सांगितलं. मी म्हटलं, थांब, हेच लिही. त्यानं लिहिलं: 'फोटो काढताना एका आजोबांनी विचारलं, काय हरवलंय का. तीस वर्षांचा झालो, पण मला पटकन न्हाय म्हणता आलं नाही.' ती पोस्ट वाचून त्याच्या बायकोनं पहिल्यांदाच त्याला एकट्याला काहीतरी लिहून पाठवलं. काय लिहिलं ते तो सांगत नाही.

*

माझंही ऐका, नाहीतर म्हणाल ही नुसती दुसऱ्यांचीच मजा बघते. इतरांचं तपासता तपासता माझं राहून गेलं. एक जूनला सकाळी डबा भरता भरता घाईत मी लिहिलं, 'आयुष्याच्या एका सुंदर वळणावर...' आणि टाकलं. पाच मिनिटांत बारावीच्या एका मुलीची कमेंट:

"मॅडम, निबंधात हे वळण तुम्ही लाल पेनानं कापलं होतं."

काढून टाकलं. पुन्हा लिहिलं नाही.

*

आता राहिले सुनंदा आणि बालाजी.

सुनंदा सास्तूरची, बालाजी बेंबळीचा. पदवीनंतर दोघं धाराशिवच्या एका अभ्यासिकेत एकत्र स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचे. चार वर्षं. सुनंदा पास झाली, अधिकारी झाली, सोलापूरला गेली. बालाजी थोडक्यात राहिला, मग परत राहिला, मग घरच्या दूध संकलन केंद्रावर बसायला लागला. भांडण झालं नाही. तिच्या निकालाच्या दिवशी त्यानंच पेढे वाटले. पण नंतर तो ग्रुपवर बोलायचा थांबला. मेसेज वाचतो, हे दिसतं. उत्तर नाही. सुनंदानं दोनदा फोन केला. "गिऱ्हाईक आहे, नंतर करतो," म्हणाला, आणि ते नंतर काही आलं नाही.

सुनंदानं मला फोन केला तेव्हा आवाज बारीक होता. "अगं, मी काय बी लिहिलं तरी ते त्याला लागणार. त्यानं वाचून मोबाईल पालथा टाकू नये, एवढंच पायजे मला. बाकीच्या हजार लोकांनी काय बी म्हणू दे."

तिचं पहिलं कॅप्शन आलं. त्यात नोकरीचा उल्लेखच नव्हता. पाऊस, पुस्तकं, चहा. मी म्हटलं, हे सगळ्यात वाईट. तू अधिकारी आहेस हे सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. तू ते लपवलंस तर त्याला वाटेल, ही माझ्यासाठी लपवते. त्याला जपल्याचं त्याला दिसेल.

दुसरं आलं: 'मी काही हुशार नाही, फक्त नशीब.' मी विचारलं, "मग त्याचं काय फक्त कमनशीब का? चार वर्षं दोघं मान मोडून बसलात ते कुठं गेलं?" नशीब म्हटलं की नम्र वाटतं, पण ते खोटं होतं आणि त्याच्यावरच अन्याय करणारं होतं.

तिसऱ्यात तिनं त्याचं नाव घालून आभार मानले होते, 'माझ्या यशात ज्याचा वाटा'. मी तेही परत पाठवलं. यश तुझं आणि वाटा त्याचा, हे चारचौघांत वाचायला कुणाला आवडेल? शिवाय नाव टॅग केलं की लोक त्याच्या प्रोफाइलवर जाऊन चौकशी करणार, सध्या काय चालू आहे म्हणून.

"मग काय लिहू?" ती चिडली. "तूच लिही ना, तुझं तर कामच हाय."

मी म्हटलं, यशाचं राहू दे. त्या अभ्यासिकेतलं तुला काय आठवतं ते सांग. डोळ्यापुढं पहिलं काय येतं?

ती लगेच म्हणाली, "पंखा. एकच पंखा चालायचा. त्याच्याखालची खुर्ची." मग सांगत गेली. सास्तूरची एसटी कायम उशिरा पोचायची, तोवर अभ्यासिका भरलेली असायची. तरी पंख्याखालची ती खुर्ची रोज रिकामी असायची, कारण तिच्यावर बालाजीची खाकी पिशवी ठेवलेली असायची. ती आत आली की तो काही न बोलता पिशवी उचलायचा आणि वही उघडायचा. चार वर्षांत दोघांनी यावर एक शब्द काढला नव्हता. हे सांगताना ती रडत होती.

मी म्हटलं, "हेच लिही. नाव नको, टॅग नको, आभार नको. आणि खुर्ची शेवटी ठेव. मोबाईलवर पहिल्या दोनच ओळी दिसतात. पुढचं ज्याला वाचायचं असेल तो दाबून वाचेल."

एक जूनला सकाळी तिची पोस्ट आली. फोटोही सरकारी गाडीचा नाही, घरच्या ओट्यावरचा.

'गुरुजींच्या हिशेबानं आज तीस. आईच्या हिशेबानं ज्वारीच्या खळ्यापासून तीस चालू आहे.
नोकरी लागली, त्याचा आनंद आहे. अजून एकटीला निर्णय घ्यायची भीती वाटते, तीही आहे.
अभ्यासिकेत माझी एसटी रोज उशिरा यायची आणि पंख्याखालची खुर्ची रोज रिकामी असायची. तिच्यावर एक पिशवी असायची. तेव्हा मी नुसती बसायचे. आता ती खुर्ची आठवली की उठून उभं राहावंसं वाटतं.'

दुपारपर्यंत शेकडो शुभेच्छा आल्या. संगमेश्वरनं केक टाकला, गणेशनं हार टाकला. बालाजीचं काही नाही. सुनंदा दर तासाला मला विचारायची, "वाचलं असंल का?" मी म्हणायचे, दुधाची वेळ आहे, थांब. चारला विचारलं, पाचला विचारलं. सहाला तिनं विचारायचं सोडलं.

संध्याकाळचं दूध घेऊन झाल्यावर बालाजीची पोस्ट आली. त्याचीही तारीख एक जूनच की. एवढ्या वर्षांतली पहिली. फोटोत संकलन केंद्राचा पत्र्याचा आडोसा, मागं दुधाचे कॅन, वर एक पंखा. पंख्याखाली लाल प्लास्टिकची खुर्ची आणि खुर्चीवर ती खाकी पिशवी, एका बंदाला गाठ मारलेली.

खाली एकच ओळ होती:

'तीस झाले. एसटी उशिरा आली तरी चालंल.'