मागील बाकी अठराशे चाळीस

समोर असतीस तर म्हटलं असतं, ये गं, अशी जवळ बस. न्हाईस, म्हणून हे पत्र. चार महिने झाले, ना फोन ना पाऊल. मोठीआई जिती हाय का गेली, एवढं तरी विचारावं माणसानं. रागावत न्हाय, पण बोलून मोकळी होते. तू उठून गेलीस तो दिवस मला तुला नीट लिहून कळवायचाय.

भूमच्या रस्त्यावरचं आपलं किराणा दुकान. तुझे मोठे बाबा गेल्यावर मी चालवलं, पण दुपारी मी भाकरीला घरी गेले की गल्ल्यावर तुझा बाप बसायचा. माझा दीर. लग्न होऊन आले तेव्हा शाळेत जात होता, त्याचं डोकं म्या विंचरलेलं.

तू दिवाळीला आलीस आन् म्हणालीस, "मोठीआई, ही उधारीची वही मोबाईलात घेऊ या." आपली वही तारखेनं चालायची. एकाच पानावर दहा जणांचं तेल-साखर. तू एकेकाचं नाव धरून वेगळं करत होतीस, आधी मागील बाकी, मग नेलेला माल, मग जमा, खाली उरलेली बाकी. अक्षर लागलं न्हाय की मी चष्मा लावून सांगायची, "हे तूरडाळ, आन् ती रेघ न्हाय, जमा हाय."

तिसऱ्या दिवशी शिवणकाम करणाऱ्या बाईचं खातं आलं. तिचं नाव निघालं आन् माझं तोंड कडू झालं. दिवाळीच्या आधीच चार बायांसमोर तिला म्हटलं होतं, "सोळाशे थकलेत, आधी ते द्या, मग पीठ न्या." ती म्हणाली, "ताई, आठशे दिलेत की मागं, तुमच्या दिराच्या हातात." मी म्हटलं, "मग वहीत का न्हाईत?" ती पिशवी तशीच घेऊन गेली.

तू तुझ्या बापानं यंदा घातलेली नवी वही वाचलीस. मागील बाकी अठराशे चाळीस, माल दोनशे साठ, जमा पाचशे. बाकी सोळाशे. बरोबर! मी म्हटलं, बघ, माझंच खरं.

"थांबा," तू म्हणालीस, "ही मागील बाकी कुठनं आली ते बघू." माळ्यावरची जुनी वही तूच काढलीस. त्यात शेवटच्या पानांवर तिचा हिशेब होता, अकराशे पन्नास मागचे, सहाशे नव्वदचा माल, झाले अठराशे चाळीस. आन् त्याच्या खाली, तुझ्या बापाच्याच अक्षरात, जमा आठशे. म्हणजे नव्या वहीत एक हजार चाळीस जायला पायजे होते. गेले अठराशे चाळीस. तिच्याकडं निघत होते फकस्त आठशे.

"उतरवताना चुकलं असंल," मी म्हटलं. तू पुढची खाती काढलीस. ज्यांनी थोडे थोडे दिले होते अशी तिच्यासकट सात निघाली, सातांचंही जमा जुन्या वहीतच राहिलेलं. ज्यांनी काहीच दिलं न्हवतं, त्यांचा आकडा मात्र पैशापर्यंत बरोबर! मग मलाही कळलं. गिऱ्हाइकासमोर जमा लिहायचं, म्हणजे ते निवांत. नवी वही घालताना वजा करायचं न्हाय, म्हणजे मला वाटणार पैसे अजून यायचेत, आन् तुझ्या बापानं खिशात घातलेले गल्ल्यात कोण शोधणार?

तू मोबाईल पालथा ठेवलास आन् उठलीस. चहा तसाच.

तुझ्या बापाला विचारलं. "वैनी, अडचण होती," म्हणाला. "सांगायला लाज वाटली."

"आन् त्या बाईला लबाड ठरवायला लाज न्हाय वाटली?" मी म्हटलं. "ते पाप तर तू माझ्या तोंडानं करून घेतलंस!" मागितले असते तर म्या दिले नसते का गं? ह्याच गोष्टीनं अजून जेवण गोड लागत न्हाय. गल्ल्याची किल्ली काढून घेतली त्याच्याकडनं.

शिवणाऱ्या बाईच्या दारात गेले, दोन्ही वह्या उघडून दाखवल्या. तिनं मशीन थांबवली न्हाय. म्हणाली, "आकडा सुधारला ताई. माझं नाव गेलंय ते चार बायांत गेलंय."

मग बाजाराच्या दिवशी त्याच बायांना दुकानात थांबवलं, तिलाही बोलावलं आन् तिचं खातं मोठ्यानं वाचलं. म्हटलं, "ही खरी होती, मी खोटी." तिनं कनवटीचे आठशे मोजून ठेवले, बाकी निल लिहून घेतली आन् गेली. सामान अजून समोरच्या दुकानातनंच नेती. नेऊ दे.

बाकीच्या सहांचेही आकडे दुरुस्त केले. पण त्याच्या आधीच्या दोन वह्या तशाच हायेत, माझ्या एकटीच्यानं वाचवत न्हाईत. आन् खरं सांगू? बापानं केलं त्याची लाज तू धरून बसलीस, हे मला त्या सोळाशेपेक्षा जड जातंय. चूक तूच तर दाखवलीस.

तुझ्या बापाशी मी बोलत न्हाय. तुझ्याशी अबोला कशाला? एस्टीच्या लाल गाडीनं ये, स्टँडवर मी येते. लवकर ये गं.