पारा पातळ का असतो

परतूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या घुगे सरांनी १९९३ साली एका नियतकालिकात वाचलेली गोष्ट वर्गात रंगवून सांगितली होती. जड अणूत केंद्राजवळचे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेगाने धावतात, त्यामुळे सापेक्षतेच्या नियमानुसार एस कक्षा आकसतात, अगदी बाहेरचीसुद्धा. सोन्यात तिचं आणि डी कक्षेचं ऊर्जेतलं अंतर कमी होतं, म्हणून सोनं निळा प्रकाश शोषतं आणि पिवळं दिसतं. पाऱ्याचा अणू मात्र बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन स्वतःशीच घट्ट धरतो, शेजाऱ्याशी नीट जोडला जात नाही, म्हणून पारा पातळ.

तोंडी परीक्षेत त्याच वर्गातल्या मैमूनाने हेच उत्तर दिलं. बाहेरून आलेले परीक्षक हसले. "पाऱ्यात सापेक्षता कुठून आणलीस, पोरी? कोणी शिकवलं?"

ते परीक्षक घुगे सरांचे पीएचडीचे मार्गदर्शक होते. मैमूनाने सरांकडे पाहिलं. सर ब्यूरेटची काचनळी भरत राहिले.

"मीच वाचलं कुठं तरी," ती म्हणाली.

मार्क कापले गेले. त्यात तिचा एम.एस्सी.चा प्रवेश हुकला. निकालाच्या दिवशी ती सरांच्या दारात थांबली.

"सर, माझं बराबर होतं ना?"

"बिलकुल बराबर."

"मंग तवा काहून न्हाई बोलले?"



पुढे सरांना पीएचडी मिळाली. दरवर्षी तो भाग शिकवून झाला की ते सांगत, "कोणी विचारलं तर माझं नाव घ्या." पण त्यानंतर कुठल्याच परीक्षकाने पाऱ्याचं विचारलं नाही.