काकूंची सहा हजार पावलं

शिंप्याची बायको वारली तरी रोज सहा हजार पावलं चालते, अशी आमच्या गल्लीत कुजबुज होती. ती पसरवली तिच्या फिटनेस ॲपच्या कोचबाईंनीच. त्यांच्या मेसेजला उत्तर येईना, पावलं मात्र रोज येत.

"भुताचे प्लॅनमधले महिन्याचे चार मेसेज संपले असतील," मी बाईंना चिडवलं.

शेवटी बाई शिंप्याच्या दुकानात गेल्या. "काका, खातं बंद करू?"

"नको."

"मग फुकटचा प्लॅन ठेवा."

"त्यात तिचा पावलं मोजणारा मनगटाचा पट्टा जोडलेला राहील?"

"नाही. त्याला मधला प्लॅन लागतो. व्यायामाचा खास आराखडा आणि माझे मेसेज फक्त वरच्यात."

"मधला द्या. तिचा आलेख सपाट झालेला मला बघवणार नाही."

पट्टा शिंप्याच्या मनगटावर होता. पावलं त्याचीच होती.