डोंगलवरची अकरावी जागा

कोकणात जायचं ठरलं आणि नेमकी त्याच आठवड्यात लेकीच्या नोकरीची ऑनलाइन मुलाखत आली. सहल पुढं ढकलू, असं घरचे म्हणू लागले. मी म्हटलं, काही ढकलायचं नाही, नेट सोबत घेऊन जाऊ.

जालन्याच्या दुकानात ह्यांनी आधी स्वस्तातला, यूएसबीत खोचायचा डोंगल उचलला. मी तो परत ठेवायला लावला. त्याला स्वतःची बॅटरी नसते, गाडी बंद झाली की तोही बंद. बॅटरीवाला दाखवत दुकानदार म्हणाला, "ताई, आठ घंटे बराबर चालतो."

"एका मोबाइलवर का दहा?" मी विचारलं.

तो हसला. "मंग पाच धरून चला."

खरं बोलला म्हणून त्याच्याकडूनच घेतला, आणि वर पॉवर बँकही. एका वेळी दहा यंत्रं जोडता येत होती. आम्ही आठ जण, आठ मोबाइल, लेकीचा लॅपटॉप नववा. रोज दोन जीबीचा प्लॅन मात्र घेतला नाही. आमची मंडळी दुपारपर्यंत रील बघून ते फस्त करतील आणि मुलाखतीला नेट रांगत येईल, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून हवा तेव्हा हवा तेवढा वापरता येईल असा एकत्र डेटाचा पॅक घेतला. सगळं कसं चोख होतं.

मुलाखतीच्या सकाळी आम्ही समुद्राजवळच्या लॉजवर होतो. लेक खोलीत लॅपटॉप उघडून बसली आणि तिचा चेहरा पडला. "आई, जोडलाच जात न्हाई गं."

मी मोबाइलवर डोंगलचं पान उघडलं. लेकीनं स्वतःचा मोबाइल बंद ठेवला होता, तरी दहाच्या दहा जागा भरलेल्या. त्यातले तीन मोबाइल आमचे नव्हतेच.

बाहेर हे ओट्यावर दोन बायका आणि एका माणसाबरोबर चहा घेत होते. "अगं, मंठ्याचे पाव्हणे आहेत. इतक्या लांब आपल्या जिल्ह्याचे भेटले. पासवर्ड मागितला, न्हाई कसं म्हनायचं?"

माझं डोकंच सणकलं. "चहा पाजा की! लेकीची जागा कशाला देऊन राह्यलात?"

वाद घालायला वेळ नव्हता. मी सरळ पासवर्ड बदलला. सगळेच मोबाइल तुटले आणि ओट्यावर एकदम गलका उठला. नवा पासवर्ड फक्त लॅपटॉपवर टाकला, डोंगलला पॉवर बँक जोडली आणि दारात पाय रोवून उभी राहिले. मंठ्याच्या बाई काही म्हणायला आल्या, माझ्याकडं बघून परत फिरल्या.

लेक बाहेर आली तेव्हा हसत होती. "आई, झालं. बहुतेक घेतील." मग म्हणाली, "पण बंगळूरला राहावं लागेल."

मी "शाब्बास" म्हटलं, अगदी ठसक्यात. आणि मग मला रडू आलं. तिच्यासाठी जागा मोकळी करायला मी सगळ्या घराशी भांडले होते, आणि आता घरात तिचीच जागा रिकामी होणार होती.